प्रसवतिथी एकदाच निश्चित व्हावी

मुलुंड-बोरिवलीतील आमच्या चिकित्सालयांत गर्भिणी अनेकदा दोन तारखा घेऊन येते. एक पाळीवरून काढलेली, दुसरी सोनोग्राफीची. ग्राह्य कोणती?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजण्याची रीत २८ दिवसांचे ऋतुचक्र गृहीत धरते. समजा, पाळी ५ एप्रिलला आली. प्रसवतिथी १० जानेवारी ठरते. परंतु चक्र ३६ दिवसांचे असल्यास गर्भधारणाच सुमारे आठ दिवस उशिरा होते. १४ जूनला पाळीनुसार दहा आठवडे पूर्ण होतात, तर सोनोग्राफीत गर्भाच्या डोक्यापासून नितंबापर्यंतच्या लांबीवरून ८ आठवडे ६ दिवस भरतात. नऊ आठवडे पूर्ण झाल्यापासून चौदा पूर्ण होईपर्यंत सात दिवसांहून अधिक, त्याआधी पाच दिवसांहून अधिक फरक आढळल्यास सोनोग्राफीची तिथी घ्यावी. येथे ती १८ जानेवारी होय.

त्यानंतर मात्र ती बदलू नये. शेवटच्या महिन्यांतील सोनोग्राफी बाळाच्या आकारावरून वय सांगते. तिच्या आधारे तिथी पुढे ढकलल्यास खुंटलेली वाढ झाकली जाते. नवव्या मासातील अनुवासन बस्ती व योनिपिचू यांचा कालही याच निश्चित तिथीवरून मोजावा, असे आमचे मत आहे.