‘कोणीतरी’ नोट्स पाठवा ना!

पावसाळा अर्ध्यावर आला की कनिष्ठ महाविद्यालयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश हटकून उगवतो: ‘आजारी होतो. कोणीतरी सगळ्या नोट्स पाठवा ना प्लीज.’ त्याखाली ‘गेट वेल सून’ येते, जोडलेले हात येतात, फुलांचे गुच्छ येतात. नोट्स तेवढ्या येत नाहीत. मग संदेश पाठवणारा मित्रांच्या स्वार्थीपणावर चिडतो. बारावीत थोडा स्वार्थ असतोच. एमएचटी-सीईटीत 80 टक्के भार बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो, हे सगळ्यांना तोंडपाठ असते. पण दोष बहुधा मागणीच्या मजकुरात असतो. ‘कोणीतरी’ नावाचा विद्यार्थी कोणत्याच हजेरीपटावर नसतो, आणि ‘सगळ्या’ म्हणजे किती, हे शोधण्याचे काम ज्याच्याकडे मागायचे त्याच्याच गळ्यात मारलेले असते.

समजा, बारावी विज्ञानाची एक मुलगी डेंगीमुळे 4 ते 16 ऑगस्ट घरी होती. रविवार आणि स्वातंत्र्यदिन वगळला तरी दहाएक दिवसांचे वर्ग बुडाले. विषय चार, आणि रोज प्रत्येकाची दीड-दोन पाने धरली तरी वही साठ-सत्तर पाने पुढे गेली. ‘सगळ्या नोट्स’ मागणे म्हणजे मैत्रिणीला एवढ्या पानांचे फोटो काढायला बसवणे. तेही वही सपाट धरून, ट्यूबलाइटखाली, पानावर हाताची सावली न पडू देता. इतके करणारी मैत्रीण लाखात एक. तिला सांभाळून वापरावे.

म्हणून पहिले काम आजाऱ्याचे, आणि ते वजाबाकीचे. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर पीडीएफच्या रूपात आहेत. व्याख्या, सिद्धता, आकृत्या त्यांत आहेत. त्या मैत्रिणीच्या अक्षरात पुन्हा वाचून ज्ञानात भर पडत नाही. पुस्तकात नाही ते वेगळेच: सरांनी फळ्यावर सोडवून दाखवलेली जादा गणिते, ‘हे हमखास येते’ म्हणून केलेली खूण, पुढच्या चाचणीची तारीख. तेवढेच ठेवले तर सत्तर पानांची पंधरा होतात. मग संदेश असा लिहिता येतो:

‘अगं, मी डेंगीमुळे 4 ते 16 ऑगस्ट नव्हते. केमिस्ट्रीत आयॉनिक इक्विलिब्रियातली बफरची गणिते आणि फिजिक्समध्ये ऑसिलेशन्सचे सरांनी सोडवलेले प्रश्न, एवढीच पाने हवीत. थिअरी मी पुस्तकातून काढते. फोटो उलटसुलट आले तरी चालतील, फक्त डॉक्युमेंट म्हणून पाठव. मी विषयवार लावून, पानांना क्रमांक घालून एक पीडीएफ करते आणि तुलाही पाठवते. सोल्युशन्सच्या धड्याची माझी सोडवलेली गणिते सोबत जोडली आहेत; तो धडा झाला तेव्हा तू गावाला होतीस ना? रविवारपर्यंत जमले तरी चालेल. नाही जमले तर तसे कळव, मी दुसऱ्या कुणाला विचारेन.’

या संदेशातले देणेघेणे पाहण्यासारखे आहे. नेहमीचा मोबदला असतो ‘ट्रीट देईन’. डेंगीतून उठलेल्या माणसाची ट्रीट परीक्षेनंतर ठरते, आणि परीक्षेनंतर कोणाला काही आठवत नाही. इथे गणिते ‘पाठवीन’ असे म्हटलेले नाही, ती जोडलेलीच आहेत. शिवाय मैत्रिणीचे नेमके काय बुडाले होते, हे लक्षात ठेवून ती निवडली आहेत. पीडीएफचेही तसेच. तिच्यासाठी ती स्वतःच्या वहीची प्रत आहे, आणि भिजलेल्या किंवा ऐन फेब्रुवारीत हरवलेल्या वहीचे दुःख ज्यांनी पाहिले आहे त्यांना या प्रतीची किंमत सांगावी लागत नाही. देणारीला काही नवे करायला न लावता, पलंगावर बसल्याबसल्या करता येईल असे हे काम आहे.

‘डॉक्युमेंट म्हणून’ हे दोन शब्दही शोभेचे नव्हेत. साधा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप तो आकसून टाकते आणि बारीक अक्षर फिसकटते. ॲसिटिक आम्लाचा विघटन स्थिरांक 1.8 गुणिले दहाचा उणे पाचवा घात. त्या घातावरचे उणे चिन्ह फोटोत पुसले गेले, तर व्हिनेगरमधले हे दुबळे आम्ल भल्याभल्या तीव्र आम्लांना भारी पडते आणि बफरचे पुढचे गणित कोसळते. उत्तरात पीएच उणे आला किंवा वीसच्या पुढे गेला तर आपल्या बुद्धीला दोष देण्याआधी ते पान मोठे करून पाहावे.

वेळेचेही गणित आहे. डेंगीत ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि रुग्ण फोन हातात घेतो. डॉक्टर मात्र ताप उतरतानाच्या 24 ते 48 तासांतच अधिक सावध असतात, कारण प्रकृती अचानक ढासळायची ती याच काळात. त्यानंतरही थकवा काही आठवडे रेंगाळू शकतो. त्या तासांत ‘परवापर्यंत तुझ्या बायोलॉजीच्या सगळ्या आकृत्या काढून देते’ असे वचन देऊ नये. तेव्हा एक ओळ पुरते: ‘आजारी आहे, सोमवारी नीट विचारते.’ परतफेडही आपल्या ताकदीला झेपेल तेवढीच कबूल करावी. न पाळलेल्या वचनापेक्षा जोडलेली चार गणिते बरी.

आता जे मागू नये त्याविषयी. प्रात्यक्षिकाला 30 गुण असतात आणि जर्नलशिवाय तिथे निभाव लागत नाही. म्हणून नोट्सच्या पाठोपाठ हळूच ‘रीडिंग्ज पण टाक’ येते. कृती मैत्रिणीकडून जरूर घ्यावी. पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये ऑक्झॅलिक आम्ल कोमट नव्हे, चांगले गरम करून घ्यायचे, नाहीतर सुरुवातीला रंग लवकर जात नाही. मोहरच्या क्षाराला मात्र हे तापवणे नको. द्रावण गडद असल्याने ब्युरेटवर वाचन वरच्या कडेने घ्यायचे. हे तिने सांगितले तर अर्धा तास वाचतो. पण तिचे ‘सीबीआर’ तिचेच. ते उतरवण्याऐवजी सरांना भेटून दुसऱ्या बॅचबरोबर प्रयोग करू देण्याची विनंती करावी. मेडिकल सर्टिफिकेटचा खरा उपयोग तिथे आहे. नाहीतर ज्या तारखेला हाताला सलाइन होते, त्याच तारखेला त्याच हाताने ब्युरेटची तोटी फिरवून तिन्ही वाचने अचूक सारखी आल्याची नोंद जर्नलमध्ये होते. आणि दोन्ही पुरावे विद्यार्थिनीने स्वतःच, सहीशिक्क्यानिशी, एकाच टेबलावर जमा केलेले असतात.