स्टॉप-लॉस खिशाकडे बघून नको, शेअरच्या चालीकडे बघून लावा



दुकानात आपण तांदळाची आणि आंब्याची घट एकच धरतो का? नाही धरत. तांदळाचं पोतं महिनाभर ठेवलं तरी फार फरक पडत नाही, पण हापूसची पेटी चार दिवस जास्त राहिली तर काही फळं काढून टाकावी लागतात. माल बदलला की हिशोब बदलतो, हे रत्नागिरीतल्या कुठल्याही दुकानदाराला शिकवावं लागत नाही. पण तोच माणूस धंद्यातले थोडे पैसे शेअरमध्ये टाकतो तेव्हा सगळ्या शेअरना एकच नियम लावतो: "खरेदीच्या ५ टक्के खाली स्टॉप-लॉस." माझ्या मते हा नियम चुकीचा आहे. तो का चुकीचा आणि त्याऐवजी काय करायचं, ते आज बघू.

मी स्वतः हा नियम बराच काळ पाळला. व्हायचं असं, की शेअर ५ टक्के खाली यायचा, माझा स्टॉप लागायचा आणि दोन-तीन दिवसांत भाव परत माझ्या खरेदीच्या वर असायचा. शेअर निवडताना मी चुकत नव्हतो. पाच टक्के ही त्या शेअरची रोजची साधी हालचाल होती आणि मी नेमका तिच्या आत स्टॉप लावून बसलो होतो.

शेअर रोज किती हलतो?

हे मोजायला एटीआर, म्हणजे ॲव्हरेज ट्रू रेंज वापरतात. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात हे माप मांडलं. दिवसाचा उच्चांक वजा नीचांक म्हणजे त्या दिवसाची हालचाल, असं आपल्याला वाटतं. पण भाव रात्रीतही बदलतो. म्हणून कालच्या बंद भावापासून आजच्या उच्चांकापर्यंतचं आणि कालच्या बंद भावापासून आजच्या नीचांकापर्यंतचं अंतरही बघायचं. या तिन्हींत जे सर्वांत मोठं, ती त्या दिवसाची खरी हालचाल. तिची साधारण १४ दिवसांची सरासरी म्हणजे एटीआर.

उदाहरण घ्या ४ जून २०२४ चं, लोकसभेच्या निकालाच्या दिवसाचं. आदल्या दिवशी निफ्टी २३,२६३.९० वर बंद झाला होता. निकालाच्या दिवशी उच्चांक २३,१७९.५० आणि नीचांक २१,२८१.४५. नुसता उच्चांक वजा नीचांक केला तर १,८९८ अंक येतात. पण आदल्या बंद भावापासून नीचांकापर्यंत मोजलं तर १,९८२ अंक. ही त्या दिवसाची खरी हालचाल.

तुम्हाला हे हाताने करायचं नाही. चार्टवर इंडिकेटरमध्ये `ATR` टाइप करा, कालावधी १४ ठेवा, आकडा रुपयांत दिसेल. फक्त चार्ट दिवसाचा आहे ना, ते बघा. दोन-चार आठवडे ठेवायच्या शेअरला पाच मिनिटांच्या चार्टवरचा एटीआर लावला तर स्टॉप इतका जवळ येतो की तो पहिल्याच तासात लागतो. तसं झालं तर आधी चार्ट तपासा.

आता दोन शेअरचा हिशोब

दोन्ही शेअर काल्पनिक आहेत. दोघांचा भाव ४०० रुपये. पहिल्याचा एटीआर ६ रुपये, दुसऱ्याचा २० रुपये.

पाच टक्क्यांच्या नियमाने दोघांचाही स्टॉप ३८० वर येतो. पहिल्या शेअरला तिथे पोचायला तीन दिवसांहून जास्त हालचाल सलग खाली व्हावी लागेल. म्हणजे शेअर बिघडलाय हे कळून चुकल्यावरही तुम्ही त्यात थांबलेले असाल. दुसरा शेअर मात्र एका साध्या दिवसात, काही बिनसलेलं नसताना, ३८० ला शिवून येईल.

आता स्टॉप दोन एटीआर खाली लावू. पहिल्याचा ३८८, दुसऱ्याचा ३६०.

इथे सगळे विचारतात, "सर, ३६० म्हणजे दहा टक्के! एवढा तोटा कसा परवडेल?" माझं सगळं म्हणणं याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. स्टॉप कुठे, हे शेअरने ठरवायचं. तोटा किती, हे तुम्ही ठरवायचं, आणि ते शेअरच्या संख्येतून. समजा एका व्यवहारात तुम्ही २,००० रुपये घालवायला तयार आहात. पहिल्यात शेअरमागे धोका १२ रुपये, म्हणून २,००० भागिले १२, म्हणजे १६६ शेअर. दुसऱ्यात धोका ४० रुपये, म्हणून ५० शेअर. दोन्हीकडे स्टॉप लागला तर तोटा जवळजवळ सारखाच, २,००० रुपये. स्टॉप लांब गेला, पण तोटा वाढला नाही, कारण तुम्ही माल कमी घेतला.

एक खबरदारी. पहिल्या शेअरमध्ये १६६ गुणिले ४०० म्हणजे ६६,४०० रुपये अडकतात. तुमच्याकडे एकूण लाखभरच असतील तर एका शेअरमध्ये एवढे टाकू नका. एका शेअरला जास्तीत जास्त किती, ही मर्यादा वेगळी ठेवा.

कुठे फसतं

एटीआर मागचं बघतो, पुढचं नाही. ३ जून २०२४ च्या संध्याकाळी त्याला दुसऱ्या दिवशीची कल्पना नव्हती. बाजार थेट खाली उघडला तर तुमचा स्टॉपही खालच्याच भावाला सुटतो. ३६० लावलेला ३४० ला जाऊ शकतो. म्हणून कंपनीच्या तिमाही निकालाच्या किंवा अशा मोठ्या दिवसाच्या आधी संख्या कमी करणं हाच उपाय, स्टॉप नव्हे.

दुसरं, मोठ्या पडझडीनंतर एटीआर फुगतो. समजा तो आधी २५० होता आणि आज १,९८२ ची हालचाल झाली. तेराचा जुना वाटा आणि एकाचा नवा धरून तो एका दिवसात ३७४ च्या आसपास जातो. इथे लोक नवीन एटीआर बघून जुना स्टॉप आणखी खाली सरकवतात. हे अजिबात करू नका. खरेदीच्या दिवशीचा एटीआर वहीत लिहा आणि तोच धरा. स्टॉप वर सरकवता येतो, खाली कधीच नाही. फुगलेला एटीआर फक्त नव्या खरेदीला लावा. तिथे संख्या आपोआप कमी येईल.

तिसरं, "दोन"च का? त्यात जादू नाही. तुमचे मागचे वीसेक व्यवहार काढा. त्यांतले जे नफ्यात संपले, ते खरेदीनंतर जास्तीत जास्त किती एटीआर खाली गेले होते ते लिहा. बहुतेक दीडच्या आत राहिले असतील तर दोन पुरे. बरेचसे दोनच्या खाली जाऊन परत आले असतील तर अडीच करा, आणि संख्या त्या प्रमाणात घटवा.

टक्क्यांचा नियम सोपा आहे, हे मला मान्य. पण ते पाच टक्के आले कुठून? "एवढा तोटा मला सहन होईल" इथून. शेअरला तुमचा खिसा माहीत नसतो. खिसा सांभाळायला संख्या आहे. स्टॉपचं काम तुमचा अंदाज चुकला हे सांगण्याचं.

आज एवढंच करा: तुमच्याकडे जे शेअर आहेत त्यांचा एटीआर बघा आणि लावलेला स्टॉप खरेदीपासून किती एटीआर लांब आहे ते लिहा. एकच्या आत असेल, तर तो स्टॉप-लॉस नाही, रोजच्या चढउताराला दिलेली देणगी आहे.