तीस चिन्हांतली शिकवणी

‘घरी येऊन गणित शिकवणी रत्नागिरीत’ ही ओळ वाचायला सरळ आहे, अर्थही पुरा आहे. तरी गूगलवरच्या जाहिरातीचा चौकोन ती स्वीकारत नाही. मथळ्याला तिथे ३० चिन्हांची मर्यादा आहे आणि ही ओळ मोजली तर ३१ भरते.

शाळेतून निवृत्त झालेल्या, माझ्या परिचयाच्या एक बाई काही शिक्षिकांना सोबत घेऊन मुलांच्या घरी जाऊन शिकवण्या घेतात. आठवी ते दहावी, गणित आणि विज्ञान. त्यांना कोणी तरी सुचवलं की लोक हल्ली शिकवणीसुद्धा मोबाइलवर शोधतात, तर तिथे जाहिरात द्या. मग त्यांच्या ओटीवर बसून आम्ही मथळे लिहायला घेतले. त्या बैठकांतून जे हाती लागलं ते आज मांडतो आहे, कारण आपल्या गावात असा छोटा व्यवसाय करणारी मंडळी पुष्कळ आहेत आणि मराठीत मथळा लिहिताना काय होतं, ते त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

आधी मोजणी कशी होते ते पाहू. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीत शब्द मोजतात. लांब शब्दाला आणि आखूड शब्दाला दर एकच. इथे संगणक चिन्हं मोजतो, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं धरली जातात. शब्दांमधली मोकळी जागासुद्धा मोजली जाते. ‘रत्नागिरी’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत तो नऊ चिन्हांचा आहे. ‘विद्यार्थ्यांसाठी’ तर पाच अक्षरांचा दिसतो आणि १७ चिन्हं खातो. बाईंचा पहिला मथळा होता ‘दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी’. शाळेच्या सूचनाफलकावर शोभेल अशी भाषा, पण २७ चिन्हं संपली आणि गणित की इंग्रजी, घरी की वर्गात, यातलं काहीच सांगून झालं नाही. त्याऐवजी ‘दहावी गणित’ म्हटलं की काम दहा चिन्हांत होतं. अशा मोजणीत जोडाक्षरं आणि विभक्तीचे प्रत्यय महाग पडतात. आई-बाप फोनवर जसं बोलतात, ‘दहावीचं गणित आहे, घरी येता का?’, तशी भाषा स्वस्त पडते. फोनवरचं बोलणं कागदावर उतरवायचं आणि त्यातलं जेवढं गाळता येईल तेवढं गाळायचं, ही रीत आम्हाला फार उपयोगी पडली.

एकतीसची ती ओळ दुरुस्त करायला ‘येऊन’ काढला आणि गावाचं नाव पुढे आणलं: ‘रत्नागिरीत घरी गणित शिकवणी’. २६ चिन्हं झाली. पण ‘येऊन’ गेल्याबरोबर अर्थ पातळ झाला. कोणाच्या घरी? आपल्याकडे शिकवणी बहुतेक वेळा बाईंच्या घरीच असते. मुलं दप्तर घेऊन तिकडे जातात. मथळा वाचून दोन्ही अर्थ निघतात आणि चुकीचा अर्थ घेऊन बोट लावणाऱ्याचे पैसेही जाहिरातदारालाच पडतात, कारण गूगल पैसे घेतं ते प्रत्येक टिचकीचे. धरा, एका टिचकीला १५ रुपये पडतात आणि दिवसाला २० टिचक्या होतात. त्यांतल्या १२ जणांना बाईंच्या घरचा वर्ग हवा असेल, तर ३०० रुपयांतले १८० त्या गैरसमजापोटी गेले. म्हणून आम्ही एक मथळा केवळ एवढ्याच कामासाठी ठेवला: ‘शिक्षक तुमच्या घरी येतात’. २४ चिन्हं. मथळ्याने गिऱ्हाईक बोलवायचं तसंच, ज्याला आपण सेवा देऊ शकत नाही त्याला बोट लावण्याआधी थांबवायचं. लहान व्यवसायाला मला हे दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटतं.

दुसरा अडसर असा की मथळे कोणत्या क्रमाने दिसतील हे आपल्या हातात नसतं. पूर्वी, म्हणजे २०१६ पर्यंत, एका जाहिरातीला एकच मथळा असे आणि तोही २५ चिन्हांचा. आता जाहिरातदार १५ पर्यंत मथळे देऊन ठेवतो आणि यंत्र त्यांतले तीनपर्यंत उचलून शेजारी शेजारी लावतं. लहान पडद्यावर तिसरा दिसेलच असं नाही. त्यामुळे एका मथळ्यात वाक्य सुरू करून दुसऱ्यात पुरं करणं जमत नाही; प्रत्येक तुकडा एकटा उभा राहिला पाहिजे. शिवाय ‘दहावी गणित, घरी येऊन’ आणि ‘रत्नागिरीत घरी गणित शिकवणी’ हे दोन एकत्र आले तर तेच दोनदा सांगितल्यासारखं होतं, आणि मिळालेल्या थोड्या जागेतला अर्धा भाग वाया जातो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक मथळ्याला एकच प्रश्न वाटून द्यायचा. काय शिकवता? ‘दहावी गणित, घरी येऊन’. कुठे येता? ‘मारुती मंदिर, साळवी स्टॉप’. कोणत्या माध्यमाच्या मुलांना? ‘मराठी व सेमी इंग्रजी माध्यम’, हा २७ चिन्हांचा. सेमीचा उल्लेख मला अत्यावश्यक वाटला. मराठी शाळेत शिकणाऱ्या पण गणित-विज्ञान इंग्रजीतून घेणाऱ्या मुलाच्या आईला पहिली धास्ती हीच असते की शिकवणारी व्यक्ती इंग्रजी पुस्तकातून गणित मराठीत समजावू शकेल का. शेवटचा प्रश्न पैशांचा, आणि त्याला ‘महिना फी आधीच सांगतो’. विषयाचा मथळा पहिल्या जागी खिळवून ठेवायची सोय आहे, ती आम्ही वापरली. असं खिळवलं की ‘जाहिरातीची ताकद’ दाखवणारा काटा खाली येतो आणि माणूस घाबरतो. पण तो काटा केवळ सल्ला आहे. जाहिरात कोणाची वर लागायची हे ठरवताना तो थेट धरला जात नाही, असं गूगलच सांगतं. विषय न सांगणारी जाहिरात तेवढी दिसू नये, हे मला काट्यापेक्षा मोलाचं वाटतं.

आता आश्वासनांबद्दल. बाईंच्या एका सहकारी शिक्षिकेने आग्रहाने सुचवलं, ‘पास होण्याची हमी’ लिहा. आपल्या कोकण विभागीय मंडळाचा दहावीचा निकाल २०२४ मध्ये ९९.०१ टक्के लागला आणि २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. जिथे शंभरातली जवळजवळ सगळी मुलं पास होतात तिथे पास होण्याची हमी म्हणजे पावसाळ्यात पाऊस पडण्याची हमी. रत्नागिरीतल्या पालकाची काळजी वेगळी आहे. मुलगा पास होणार हे त्याला ठाऊक असतं. गणित भाग दोनमधली भूमिती त्याला समजली नाही, पुढे विज्ञान शाखेत किंवा पॉलिटेक्निकला तो अडेल, ही खरी चिंता. दुसरी बाजू नियमांची. खासगी शिकवण्यांनी गुण, क्रमांक आणि यशाची हमी देणाऱ्या जाहिराती करू नयेत म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती ५० हून अधिक विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत, बाईंची शिकवणी त्यात मोडत नाही. पण फसव्या दाव्याला लहान व्यवसायातही मी हात लावणार नाही, आणि बाईही नाहीत. ‘पहिला तास विनामूल्य’ हे वचन मात्र पाळता येतं, म्हणून ते १९ चिन्हांत घेतलं.

काही गोष्टी मथळ्यात चालतच नाहीत. उद्गारचिन्ह नाही. फोन नंबर जाहिरातीच्या मजकुरात घालता येत नाही; त्यासाठी कॉलची वेगळी जोडणी असते आणि मोबाइलवर तिचंच बटण दिसतं. उरलेलं सविस्तर सांगायला वर्णनाच्या ओळी असतात, प्रत्येकी ९० चिन्हांच्या. आठवड्यातले किती दिवस, कोणत्या वेळी, हे तिकडे.

लिपीचा प्रश्न आम्ही उशिरा सोडवला, पण तो सुटला हे बरं झालं. आपल्याकडे बोलायला मराठी आणि टंकायला रोमन अशी सवय अनेकांना आहे. ‘Home tuition ratnagiri’ असं लिहून शोधणारी आई घरात मराठीच बोलते. तिला देवनागरी मथळा दाखवायला हरकत नाही, पण एकाच संचात दोन्ही लिपींचे मथळे घातले की यंत्र एक रोमन, एक देवनागरी, पुन्हा एक रोमन असं काहीही जोडतं. म्हणून दोन संच वेगळे केले. रोमन संचातला ‘Maths Home Tutor in Ratnagiri’ २९ चिन्हांचा आहे. गंमत अशी की ‘Ratnagiri’सुद्धा नऊच चिन्हांचं.

त्याच रोमन शोधांत नोकरी शोधणारे शिक्षकही येतात. ‘home tuition job’ लिहिणाऱ्या पदवीधराला बाईंची जाहिरात दिसून काय उपयोग? त्यासाठी ‘job’, ‘vacancy’, ‘नोकरी’, ‘online’ हे शब्द वर्जित यादीत टाकले. ठिकाणाच्या पर्यायातही बदल केला. मूळ पर्यायात रत्नागिरीत ‘रस असलेले’ लोकही धरले जातात, म्हणजे गणपतीपुळ्याची सहल आखणारा पुणेकर किंवा गावाची आठवण काढणारा मुंबईचा चाकरमानीसुद्धा. शिकवणीला इथे प्रत्यक्ष असणारा माणूसच हवा. आपल्या शहराभोवती अंतराचं वर्तुळ काढलं तर त्याचा मोठा भाग अरबी समुद्रात जातो हे नकाशावर पाहून बाई हसल्या. पण दुसऱ्या बाजूला भाट्याची खाडी ओलांडून पलीकडची गावंही त्यात येतात, आणि जुलैच्या संध्याकाळी स्कूटीवरून तिकडे जाणं शिक्षिकांना शक्य नसतं. म्हणून वर्तुळ आखडतं घेतलं.

कोणता मथळा चालतो हे कसं कळायचं? मोठ्या शहरात यंत्र हजारो वेळा जाहिरात दाखवून तुलना करतं. रत्नागिरीत दहावीच्या गणितासाठी शोधणारे थोडे, त्यामुळे १५ मथळे घातले तर प्रत्येकाच्या वाट्याला इतकं कमी येतं की निष्कर्ष निघत नाही. कोणी काय टंकलं याच्या अहवालातही फार कमी वेळा आलेले शोध गाळलेले असतात. आम्ही आठच मथळे ठेवले, आणि खरी नोंद बाईंच्या वहीत होते. फोन आला की समोरच्याचा पहिला प्रश्न त्या लिहून ठेवतात. ‘तुम्ही घरी येता ना?’ असं विचारणारे वाढले तर त्या अर्थाचा मथळा दिसत नाही किंवा कळत नाही, असं समजायचं. ‘सोमवारपासून येता येईल का?’ हा पहिला प्रश्न असेल, तर मथळ्यांनी आपलं काम केलं.

वहीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला: ‘कुवारबावला येता का?’ स्टेशनच्या बाजूला नव्या इमारती झाल्या आहेत, मागणी खरी आहे. बाईंकडे तिकडे जाणारी शिक्षिका सध्या नाही. त्या बाजूच्या एका तरुण शिक्षिकेशी बोलणं चालू आहे. ती हो म्हणाली की ‘मारुती मंदिर, साळवी स्टॉप’च्या जोडीला कुवारबावचा मथळा जाईल, तोवर नाही. आणि जानेवारी लागला की ‘पहिला तास विनामूल्य’ काढून त्या जागी ‘दहावी गणित उजळणी, घरी’ हा मथळा घालायचा, असं बाईंनी वहीच्या शेवटच्या पानावर आत्ताच लिहून ठेवलं आहे.