आजीच्या पत्रांतील एक शब्द

आमच्या आजीचें एक पत्र मध्यंतरीं जुन्या ट्रंकेंत सांपडलें. शके १८३२ चें, म्हणजे इ. स. १९१० सालचें, तें मोडींत आहे. आधीं पानभर आडवी रेघ ओढावयाची आणि मग तिच्याखालीं अक्षरें लिहीत जावयाचें, अशी ती लिपि. शब्दांत अंतर नाहीं कीं ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं. वाचण्यासच दोन दिवस लागले. परदेशीं वाढलेल्या आमच्या नातीस मराठी येत नाहीं. तिच्यासाठीं इंग्रजी भाषांतर करावयास बसलों आणि पांचव्या ओळीवर अडलों.

आजी थोरल्या भावास लिहिते : “नाशकास जाऊन सोवळी झालें. आतां देवाचें पाणी माझ्या हातचें चालतें.”

प्रथम ‘शुद्ध झालें’ या अर्थाचा इंग्रजी शब्द घातला. तो वाचून नात आजीचें अभिनंदनच करील, असें वाटून खोडला. मग ‘विधवा झालें’ असें लिहिलें. परंतु आजोबा दीड वर्षापूर्वींच प्लेगानें गेले होते. पत्रांतली वार्ता ती नव्हे. शेवटीं ‘माझें मुंडन झालें’ असें लिहिलें. हें खरें होतें, पण दुसरें वाक्य त्यास जुळेना. केस राखलेल्या विधवेच्या हातचें पाणी त्या काळीं देवास चालत नसे, आणि केस उतरले कीं तीच बाई सोंवळ्याचा स्वयंपाक करावयास योग्य ठरे. जें गेलें आणि त्याच्या मोबदल्यांत जें मिळालें, तीं दोन्हीं त्या एका शब्दांत आहेत. शिवाय बावीस वर्षांच्या आजीनें वस्तऱ्याचें नांव काढलें नाहीं, तें आम्ही तिच्या तोंडीं कोणत्या अधिकारानें घालावें?

तळटीप देण्याचें मनांत आलें. ती लिहितां लिहितां अर्धें पान झाली, आणि सहा ओळींचें पत्र तिच्याखालीं दडपून गेलें. तीही फाडली.

मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलें. अडलेल्या शब्दापाशींच घुटमळत राहिल्यानें पुढच्या ओळीकडे आमचें लक्षच गेलें नव्हतें. ती अशी : “दादा, आपण दिवाळींत दिलेली हस्तिदंती फणी या माणसाबरोबर परत पाठवितें. वहिनीस द्यावी. चि. बाळ खुशाल आहे.”

तो बाळ म्हणजे आमचे वडील.

आम्ही ‘सोवळी’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत जसाच्या तसा लिहिला, खालीं कांहीं जोडलें नाहीं, आणि फणीची ओळ मात्र काळजीपूर्वक उतरवून पत्र धाडलें. आठ दिवसांनीं नातीचा फोन आला. शब्दाचा अर्थ तिनें विचारला नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, “आजीचे केस पुन्हा वाढूं दिले का कोणी?”

नाहीं, असें आम्हांस सांगावें लागलें.