नक्षी निवडताना चुडा हातात घाला

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठंही जा, नवरीच्या मेंदीची नक्षी आता मोबाईलवरच पसंत होते. करवल्या चित्रं पाठवतात, नवरी त्यातलं सगळ्यांत भरगच्च चित्र उचलते आणि मेंदी काढणाऱ्या ताईला सांगते, "अगदी अशीच पाहिजे." ताई पाच-सहा तास मान मोडून तशीच काढतेही. तरी लग्नाच्या फोटोंत ती नक्षी ओळखू येत नाही. दोष ताईच्या हाताचा नसतो, निवडीचा असतो. म्हणून नवरीला, तिच्या आईला आणि मावश्यांना माझं सांगणं आहे की नक्षी पारखायला शिका. ते अवघड नाही.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. चित्रात दिसतो तो मेंदीचा ओला लगदा. तो बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत सारखाच गडद असतो. लग्नात मात्र लगदा नसतो, त्यानं मागं सोडलेला रंग असतो, आणि तो सगळीकडे सारखा चढत नाही. मेंदीच्या पानातलं रंगद्रव्य कातडीच्या वरच्या मृत थरात मुरतं. हा थर तळहाताला आणि बोटांच्या आतल्या बाजूला जाड असतो, म्हणून तिथं रंग गडद येतो. हाताच्या पाठीवर तो उतरतो आणि मनगटाच्या पुढं कातडी पातळ असल्यानं आणखी फिका पडतो. लगदा काढला की आधी नारिंगी दिसणारा रंग पुढच्या दीड-दोन दिवसांत तांबूस तपकिरी होतो, पण तळहात आणि मनगट यांतला फरक काही मिटत नाही. नक्षीचा दाटपणा, बोटं आणि तळहाताचा तोल, मनगटावरची धाव, हे सगळं पारखताना हा फरक धरूनच चालायचं.

आता दाटपणा. भरगच्च मेंदी म्हणजे चांगली मेंदी हा समज आपल्याकडे घट्ट आहे. औंढ्याला नागनाथाच्या देवळाची बाहेरची भिंत एकदा या नजरेनं बघा. मूर्तींचे आणि नक्षीचे थर आहेत, पण त्यांच्यामधून साध्या दगडाच्या पट्ट्या गेल्या आहेत. त्या पट्ट्यांमुळेच मूर्ती वेगळ्या उठून दिसतात. हातावरही तसंच हवं. मोर, कमळ, कोयरी अशा मुख्य आकारांभोवती कोरी कातडी राहिली पाहिजे. आकाराच्या आत जाळी, ठिपके, भरण कितीही करा, पण त्याच्या कडेला निदान दोन रेघांच्या जाडीची मोकळी जागा असावी.

याला एक कारण आपल्या उन्हाळ्यातही आहे. एप्रिल-मे महिन्यात तळहाताला घाम येतो, ओली रेघ थोडी पसरते आणि शेजारच्या रेघेला चिकटते. कागदावर केसासारखी दिसणारी जाळी तळहातावर तपकिरी डाग होऊन बसते. म्हणून उन्हाळ्यातल्या लग्नासाठी जाळीची घरं थोडी मोठी मागा. ताईचा हात कितीही बारीक असला, तरी घाम तो बारीकपणा ठेवत नाही.

दाटपणा तपासायची सोपी रीत अशी. नक्षीचं चित्र मोबाईलवर काळं-पांढरं करा, मोबाईल समोरच्या भिंतीला टेकवा आणि चार पावलं मागं सरून डोळे किलकिले करून बघा. मांडवातली माणसं नवरीचा हात तेवढ्याच अंतरावरून बघतात. चित्रात गडद, मध्यम आणि कोरी अशा तीन जागा वेगळ्या कळल्या तर नक्षी चांगली. सगळा हात एकसारखा करडा दिसला तर ती नक्षी सोडा, मग त्यात कितीही मेहनत असो. वधूवरांचे चेहरे हातावर काढायची हौस हल्ली वाढली आहे, त्यांनाही हीच कसोटी लावा. दोन बोटांच्या रुंदीपेक्षा लहान चेहरा असेल तर रंग चढल्यावर डोळे-नाक एकमेकांत मिसळतात. अशा वेळी चेहऱ्याऐवजी कलश किंवा सनई काढून घेतलेली बरी.

बोटं आणि तळहात यांच्या तोलात चूक बहुतेक वेळेच्या गणितानं होते. मेंदी काढायला तळहातापासून सुरुवात केली, पहिले दोन तास कमळाच्या पाकळ्यांत गेले, मग बाहेर पाहुणे खोळंबले, आणि बोटांवर घाईनं त्याच त्या आडव्या रेघा मारल्या गेल्या. तळहात एकाचा, बोटं दुसऱ्याची, असं दिसतं. उलटही घडतं. बोटांची टोकं पूर्ण भरून टाकली जातात. टोकाला रंग सर्वांत गडद चढतो, त्यामुळे दोन दिवसांनी नजर तिथंच अडकते आणि तळहातावरची नाजूक वेल फिकी वाटू लागते. आपल्या आज्या पाटा-वरवंट्यावर वाटलेल्या पाल्यानं बोटांना टोप्या आणि तळहातावर एकच गोल ठिपका काढायच्या. तिथं हा तोल आपोआप साधायचा, कारण टोपी आणि ठिपका दोन्ही सारखेच भरीव असत. टोप्या हव्याच असतील तर तळहाताच्या मध्यावरही तेवढाच भरीव आकार असू द्या.

पारखताना तीन जागा बघा. तळहातावरचा एखादा लहान आकार, पान म्हणा, कळी म्हणा, बोटांवर पुन्हा आला आहे का? आला असेल तर दोन्ही भाग एका कुटुंबातले वाटतात. दुसरं, बोटं जिथं तळहाताला मिळतात तिथं गव्हाच्या दाण्याएवढी कोरी फट आहे का? ती नसेल तर बोटं आणि तळहात मिळून हातमोजा घातल्यासारखं दिसतं. आणि तिसरं म्हणजे अंगठा. चित्रांत तो बहुधा कडेला दडलेला असतो, म्हणून नक्षीतही राहून जातो. पण नारळ धरताना, हार घालताना सगळ्यांत पुढं अंगठाच येतो. ताईला अंगठ्याची नक्षी आधी विचारून घ्या.

आता मनगट. आपल्या नवरीचं मनगट हिरव्या चुड्यानं भरलेलं असतं, म्हणून इथं आपल्या लग्नाची गोष्ट निराळी आहे, आणि बाहेरच्या चित्रांवरून नक्षी उचलणाऱ्या घरांची खरी फसगत इथंच होते. बारीक काचेची बांगडी साधारण तीन मिलिमीटर रुंद धरली, तर वीस-एकवीस बांगड्या सहा सेंटिमीटर जागा घेतात. त्यात पाटल्या आणि तोडे आले की आठ-नऊ सेंटिमीटर झाली. मनगटाच्या घडीपासून कोपरापर्यंतची लांबी बावीस-तेवीस सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त भाग चुड्याखाली गेला. शिवाय चुडा एका जागी राहत नाही. हात खाली सोडला की तो घसरून पंज्याच्या मुळाशी येतो, हार घालायला हात वर केला की कोपराकडे सरकतो आणि मनगट उघडं पडतं.

एक उदाहरण घेऊ. समजा नवरीनं अशी नक्षी निवडली: तळहातावर मोठं कमळ, त्याखाली मनगटाभोवती तीन रुंद पट्टे, पट्ट्यांच्या वर सात सेंटिमीटर उंचीची वरात, त्यात हत्ती, पालखी, सनईवाले, आणि वर कोपरापर्यंत बारीक जाळी. चित्रात ती देखणी आहे. आता चुडा घाला. पट्टे गेले आणि वरातीचा बहुतेक भाग गेला, हत्तीची पाठ तेवढी बांगड्यांच्या वर उरली. वरची जाळी फिक्या कातडीवर असल्यानं दोन दिवसांनी नुसती तांबूस झाक वाटते. काढायला सर्वांत जास्त वेळ लागलेला भाग कुणालाच दिसला नाही, आणि जो दिसतो तो उठत नाही.

हीच नक्षी सुधारायची कशी? तीन पट्ट्यांपैकी एकच बारीक पट्टा ठेवा. पट्टा हात आडवा कापतो. हिरव्या बांगड्या आधीच हाताला आडवं कापत असताना मेंदीचे आणखी पट्टे कशाला? कमळाच्या देठापासून एक वेल निघू द्या, ती मनगटावरून तिरकी वर जाऊ द्या. वेलीचा कुठलाही दोन बोटांएवढा तुकडा दिसला तरी ती पुरी वाटते, म्हणून चुडा मागंपुढं सरकला तरी काही बिघडत नाही. वरात हवीच असेल तर ती चुड्याच्या वर चढवा, माणसं कमी करा आणि रेघा ठळक ठेवा, कारण तिथं रंग फिका येणार आहे. कोपराजवळची जाळी काढून टाकली तरी चालेल. एवढ्या बदलात मेंदी तासभर आधी आटोपते आणि तो वेळ बोटांना मिळतो.

वेलीची धाव बघताना हात फिरवून बघायला विसरू नका. तळहात वर ठेवा, मग सावकाश पालथा करा. नक्षी मनगटाच्या कडेला सरळ रेषेत तुटत असेल तर अंगठ्याच्या बाजूनं बघणाऱ्याला अर्धा हात कोरा दिसतो. वेल कडेवरून वळून पाठीवरच्या नक्षीला मिळाली पाहिजे. आणि दोन्ही हातांची ओंजळ करून बघा. दोन नक्षींची उंची एका पातळीत आली नाही तर ती चूक लग्नातल्या प्रत्येक विधीत दिसत राहते.

मनगट फिकं येतं म्हणून काही जण दहा मिनिटांत काळा रंग देणारा तयार कोन सुचवतात. तो घेऊ नका. इतक्या झटपट काळी होणारी मेंदी नुसत्या पाल्याची नसते. तिच्यात बहुधा केसांच्या कलपातलं पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि त्यानं हातावर फोड येऊन व्रण राहिल्याचं डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. फिकं मनगट ठळक रेघेनं सावरतं, त्याला काळ्या रंगाची गरज नाही.

दिवसांची जुळणीही नक्षीइतकीच बघा. लग्नाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी मेंदी काढा आणि लगदा सहा-आठ तास, जमल्यास रात्रभर राहू द्या. सकाळी तो पाण्यानं न धुता खरवडून काढा. त्या दिवशी हाताला पाणी आणि साबण कमीच लागू द्या. चुडा भरायला कासार येतील तेव्हा, "दादा, साबण लावू नका," असं आधीच सांगा. नाहीतर हात दाबून बांगड्या चढवताना मनगटावरचा कोवळा रंग घासला जातो. हळद तर आपल्या जिल्ह्याचंच पीक, ती लावताना कुणी हात आखडत नाही. पण करवल्यांनी हळद गालाला, खांद्याला, पायाला हवी तेवढी लावावी, तळहात आणि मनगट चोळू नये.

बायांनो, नक्षी पसंत करायला बसाल तेव्हा घरातल्या हिरव्या बांगड्या, पाटल्या आणि तोडे बाहेर काढा. ते लेकीच्या हातात घाला, हात खाली सोडायला लावा, वर करायला लावा, आणि कातडी कुठून कुठपर्यंत दिसते तिथं पेनानं दोन खुणा करा. त्या खुणा मेंदी काढणाऱ्या ताईला दाखवा आणि मगच मोबाईल उघडा.