शेजाऱ्यांना उपवासकाळ समजावताना : सौदीतील व्हिडिओची भाषा आणि मर्यादा

२०२६ मध्ये १८ फेब्रुवारीला सौदी अरेबियात रमजानचा पहिला रोजा होता आणि त्याच दिवशी कॅथलिक ख्रिस्ती समाजाचा राखेचा बुधवार. एकाच इमारतीत राहणारी दोन कुटुंबे एकाच दिवशी उपवासाला आरंभ करतात, तेव्हा साहजिक प्रश्न येतो : उपवास आहे, तर दुपारी पाणी कसे चालते? ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांविषयी शेजाऱ्यांसाठी केलेल्या व्हिडिओचे यश याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

‘हा आमचा रमजान’ असे सांगणे सोपे, पण दिशाभूल करणारे आहे. रोजात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य असते. कॅथलिक नियमानुसार १८ ते ५९ वयोगटातील व्यक्ती केवळ राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी एक पूर्ण जेवण व दोन अल्पाहार एवढ्यावर राहते. पाण्यावर बंधन नसते. उपवासकाळातील प्रत्येक शुक्रवारी मांस वर्ज्य असते. केरळच्या सीरियन परंपरेतील कुटुंबांचे नियम याहून कडक असतात, हेही सांगावे लागते. अन्यथा शेजारच्या दोन ख्रिस्ती घरांतील फरक कोड्यात टाकतो.

चाळीसचा हिशेबही उलगडावा लागतो. १८ फेब्रुवारी ते ४ एप्रिल हे ४६ दिवस होतात. रविवार पुनरुत्थानाचा दिवस असल्याने उपवासात मोजत नाहीत. सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. येशूच्या अरण्यातील चाळीस दिवसांची ही आठवण आहे. कुराणातही मूसांच्या चाळीस रात्रींचा उल्लेख असल्याने मुस्लिम श्रोत्याला ही संख्या परकी वाटत नाही.

आशयाइतकीच कसोटी प्रसाराची आहे. सौदीत चर्च नाही. खासगी उपासनेला मुभा असल्याचे सरकार सांगत आले असले, तरी तिला लिखित कायद्याचा आधार नाही आणि मुस्लिमांमध्ये धर्मप्रसार निषिद्ध आहे. २००७ च्या सायबर गुन्हे कायद्याच्या सहाव्या कलमानुसार धार्मिक मूल्यांना बाधक मजकूर तयार करणे वा पाठवणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि तीस लाख रियालपर्यंत दंड होऊ शकतो. ‘बाधक’ कशाला म्हणावे, हे अर्थ लावणाऱ्यावर राहते. दानधर्म हा उपवासकाळाचा आधारस्तंभ असला, तरी व्हिडिओच्या शेवटी मदतीचे आवाहन जोडणेही धोक्याचे आहे, कारण परवान्याशिवाय निधी गोळा करण्यास मनाई आहे.

म्हणूनच ‘आम्ही असे करतो’ येथपर्यंत व्हिडिओने बोलावे. ‘तुम्हीही या’ हे वाक्य आले की माहितीचे निमंत्रण होते. शेजाऱ्याने विचारल्यावर त्यालाच दाखवलेला व्हिडिओ आणि शेकडो अनोळखी क्रमांकांवर धाडलेला व्हिडिओ यांत एकही शब्द वेगळा नसेल, पण कायद्याच्या नजरेत ते एकच राहतील याची शाश्वती नाही.