‘फूड आयटम’ लिहून हात झटकू नका

दिवाळीच्या आठवडाभर आधी शेजारच्या काकूंनी मला व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवले. एक खोक्यावर चिकटवलेल्या लेबलचा, दुसरा कस्टम्सच्या घोषणापत्राचा. सोबत निरोप : “अगं, मुलाला दुबईला फराळ पाठवतेय. यात काय लिहिलंय ते जरा मराठीत सांग, खाली सही माझी आहे.”

भाषांतर माझा व्यवसाय आहे. पण त्या कागदावर भाषांतर करण्याजोगं काही नव्हतंच. मालाच्या वर्णनात ‘फूड आयटम्स’, नग १, वजन ५ किलो, किंमत ५०० रुपये, प्रकार ‘गिफ्ट’. बास. आणि त्याखाली बारीक अक्षरात एक वाक्य : दिलेला तपशील खरा आहे आणि या पार्सलात धोकादायक किंवा कायद्याने मनाई केलेली कोणतीही वस्तू नाही, असं मी प्रमाणित करते. त्याखाली काकूंची सही.

म्हणजे वर्णन लिहिलं कुरिअरच्या काउंटरवरच्या माणसाने, ते इंग्रजीत, आणि त्याच्या खरेपणाची हमी दिली काकूंनी. मला राग आला तो याचा. वाचता न येणाऱ्या मजकुरावर सही घेणं हा या काउंटरांचा रोजचा शिरस्ता झाला आहे, आणि आपण तो मुकाट्याने चालवून घेतो.

मी काकूंना विचारलं, खोक्यात नेमकं काय आहे? चकली, चिवडा, डिंकाचे लाडू, अनारसे, उटणं आणि “नव्या घरी पूजेला लागेल म्हणून” कापराची डबी.

अनारसे म्हटल्यावर मी थांबले. अनारशावर खसखस असते. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात मिळते, कारण भारतातल्या अमली पदार्थांच्या कायद्याने अफूच्या बोंडाचा बाकी भाग बंधनात ठेवला, पण बी त्यातून वगळलं. संयुक्त अरब अमिरातीत मात्र खसखशीला मनाई आहे. ती अफूच्याच झाडाची आणि बोंडातल्या चिकाचा अंश तिला लागलेला असू शकतो, म्हणून तिकडे ती मसाल्यात मोजत नाहीत, अमली पदार्थांच्या बाजूला मोजतात. तिथे पार्सल ज्याच्या नावावर जातं, त्यालाच जाब द्यावा लागू शकतो. काकूंचा मुलगा तिथे नोकरी करतो.

मी काउंटरवर फोन लावला. तिकडून उत्तर आलं, “ताई, सगळे असंच लिहितात. खसखस कशाला लिहायची? आणि लिहायचीच तर ‘खस खस’ लिहितो, त्यांना काय कळणार?”

हे नुसतं अज्ञान नाही, ही बेपर्वाई आहे. अरबीत खसखशीला ‘खश्खाश’ म्हणतात. आपला शब्द फारसीमार्गे तिथूनच आला आहे. म्हणजे हा शब्द ज्या एका माणसाला हमखास कळणार, तो दुबईचा कस्टम्स अधिकारी. इतर देशांत याच्या उलट घोटाळा होतो. रोमन लिपीत ‘खस खस’ लिहिलं की कुणी वाळा समजतो, कुणी कुसकुस नावाचा गव्हाचा रवा समजतो. खरं नाव ‘पॉपी सीड्स’. ते लिहिलं तर दुबईत माल अडतो आणि न लिहिलं तर खोटी घोषणा होते. अशा वेळी प्रामाणिक भाषांतर एकच असतं : ती वस्तू खोक्यातून काढणं.

डिंकाच्या लाडवांचं इंग्रजी त्या माणसाने मला फोनवर जागच्या जागी करून दाखवलं : “ग्लू लड्डू.” ग्लू म्हणजे चिकटवायचा गोंद. चिकटवायचे अनेक गोंद ज्वालाग्राही असतात आणि विमानाच्या धोकादायक मालाच्या यादीत येतात. लाडवातला डिंक म्हणजे ‘एडिबल गम’, आणि लाडू म्हणजे गूळ, खारीक, खोबरं, तूप घालून केलेली मिठाई. तसंच लिहायला हवं होतं. तो मजकूर मी तयार केला, काकूंना वाचून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, “आणि भाजलेली खसखस राहिली गं.” लाडवांतही खसखस! तेही बाहेर काढावे लागले. म्हणून सांगते, पदार्थाचं नाव भाषांतरित करून भागत नाही, त्यात काय काय घातलंय ते करणारणीला विचारावंच लागतं. काउंटरवर हा प्रश्न कुणी विचारत नाही.

उरला कापूर. कापराला दुबईच्या कायद्यापर्यंत पोहोचायचीही गरज नाही, तो विमानापाशीच अडतो. सहज पेट घेणारा घन पदार्थ म्हणून तो धोकादायक मालात मोडतो आणि घरगुती फराळाच्या खोक्यात त्याला जागा नाही. ‘पूजा साहित्य’ असं लिहिल्याने त्याचा ज्वालाग्राहीपणा कमी होत नाही. ‘पूजा साहित्य’ हा शब्द मी अशा लेबलांवर इतक्यांदा पाहिला आहे की आता तो दिसला की मी आधी कापूर आहे का तेच विचारते.

काउंटरमागच्या भिंतीवर मराठीत एक फलक आहे, त्याचा फोटोही काकूंनी पाठवला. वर ठळक ‘प्रतिबंधित वस्तू’, आणि खाली औषधं, बॅटऱ्या, बियाणं, शस्त्रं, अमली पदार्थ सगळं एकाच रांगेत. हा फलक लिहिणाऱ्याने इंग्रजीतल्या दोन वेगळ्या शब्दांची मराठीत खिचडी केली आहे. ‘प्रोहिबिटेड’ म्हणजे मनाई, कोणत्याही कागदावर जाणार नाही. ‘रिस्ट्रिक्टेड’ म्हणजे निर्बंधित, परवाना, डॉक्टरची चिठ्ठी किंवा रोगमुक्ततेचा दाखला जोडला तर जाऊ शकेल. दोन्हींना ‘प्रतिबंधित’ म्हटलं की जाऊ शकणारं औषध माणूस घाबरून लपवतो, आणि जाऊच न शकणारी वस्तू ‘कागद जोडला की होईल’ या भरवशावर भरतो. ‘मनाई’ आणि ‘अटींवर परवानगी’ एवढे दोन मथळे लिहिले असते तर हा गोंधळ झाला नसता. त्यासाठी भाषातज्ज्ञ लागत नाही, गिऱ्हाइकाबद्दल थोडी आस्था लागते.

आता घोषणापत्रातल्या चार रकान्यांचं सांगते. टपालाचा सीएन २३ फॉर्म असो वा खासगी कुरिअरचं इनव्हॉइस, मागणी साधारण सारखीच : वस्तू काय, किती, निव्वळ वजन किती, किंमत किती. ‘गिफ्ट’ हे पाठवण्याचं कारण आहे, वस्तूचं वर्णन नव्हे. युरोपीय संघाच्या कस्टम्सला तर असे मोघम शब्द वर्णन म्हणून चालतच नाहीत. पाच किलो हे खोक्यासकट वजन होतं, ते निव्वळ वजनाच्या रकान्यात बसत नाही. आणि ५०० रुपये ही किंमत काउंटरवाल्याने मनाने टाकली होती. पार्सल हरवलं तर भरपाई जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही, हे त्याने काकूंना सांगितलं नाही.

खोकं दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होतं. रात्री नऊ वाजता आम्ही ते उघडलं. अनारसे, लाडू, कापूर बाहेर. चिवड्यात खसखस नाही ना, हे काकूंना दोनदा विचारलं. मग नव्याने लिहिलं. भाजणीची तळलेली चकली, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ आणि तीळ घातलेली, १ किलो, ४५० रुपये. पातळ पोह्यांचा चिवडा, शेंगदाणे आणि खोबऱ्यासह, १ किलो, ४०० रुपये. अंगाला लावायचं सुगंधी उटणं, कोरडी पूड, खाण्यासाठी नाही, २५० ग्रॅम, १५० रुपये. निव्वळ वजन सव्वादोन किलो, एकूण १,००० रुपये. हे सगळं इंग्रजीत, आणि प्रत्येक ओळीखाली तेच मराठीत, काकूंच्या वहीत, म्हणजे आपण कशावर सही करतोय ते त्यांना वाचता यावं.

सकाळी काउंटरवरचा माणूस वैतागला. “एवढं लांब लेबलवर मावत नाही,” म्हणाला. काकूंनी वही त्याच्यासमोर ठेवली आणि मावेपर्यंत पेन हातात घेतलं नाही. त्याने अक्षर लहान केलं. तिन्ही ओळी मावल्या.